नातेवाइकांकडून फिल्मसाठी व्हिडिओ मागवताना निरोप कसा लिहावा

आई-बाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सगळ्या नातेवाइकांची मिळून एक फिल्म करायचं ठरलं, तेव्हा मी जो पहिला निरोप पाठवला तो आज वाचला की हसू येतं. '1080p, 30 fps, लॅंडस्केप, नॅचरल लाइट, ड्राइव्हवर अपलोड करावे.' तेवीस घरांना तो गेला. आठवड्याभरात नऊ व्हिडिओ आले. त्यातले सहा उभे होते, पाच व्हॉट्सॲपने पिळून लहान केलेले होते, आणि एका काकांनी फोन करून विचारलं, "ते पी म्हणजे काय गं, आणि ते माझ्या फोनमध्ये आहे का?"

चूक काकांची नव्हती. मला जे कळायला हवं होतं ते मी त्यांच्यावर ढकललं होतं. फिल्म जोडणाऱ्याला रिझोल्यूशन, फ्रेम रेट हे सगळं ठाऊक हवं, पण व्हिडिओ काढणाऱ्याला फक्त हाताने काय करायचं ते सांगायला हवं. म्हणून दुसरा निरोप लिहिताना एकच कसोटी लावली: प्रत्येक सूचना आजीलासुद्धा सेटिंग न उघडता पाळता आली पाहिजे. आजकालचे बहुतेक फोन मुळातच 1080p किंवा त्याहून चांगला व्हिडिओ काढतात, त्यामुळे तो आकडा निरोपात घालायची गरजच नव्हती.

दुसरा निरोप असा होता. तारखा आणि नाती बदलून तो जसाच्या तसा वापरता येईल.

> सर्वांना नमस्कार. २८ तारखेला आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं पूर्ण होतायत. त्या संध्याकाळी मोठ्या पडद्यावर दाखवायला आपण सगळे मिळून एक छोटी फिल्म करतोय. दोघांनाही यातलं काही माहीत नाही, म्हणून हा निरोप पुढे पाठवू नका आणि स्टेटसवर काही ठेवू नका.
>
> प्रत्येक घरातून एक व्हिडिओ हवा आहे. अर्धा मिनिट पुरे. १४ तारखेच्या रात्रीपर्यंत पाठवा.
>
> काय बोलायचं: तुमच्यासाठी एक प्रश्न मी वेगळा पाठवते, त्याचं उत्तर द्या. उत्तर झालं की थोडं थांबून सगळ्यांनी हे एकच वाक्य म्हणायचं: "पन्नास झाली, पुढची मोजतोय!"
>
> कसं काढायचं:
> १. फोन आधी आडवा धरा, मग लाल बटण दाबा. मध्ये फिरवू नका.
> २. खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे नको.
> ३. पंखा आणि टीव्ही बंद. फोन तुमच्यापासून हातभर, फार तर दीड हात लांब.
> ४. बटण दाबल्यावर मनात तीन मोजा, मग बोला. बोलणं संपलं की पुन्हा तीन मोजा, मग बंद करा.
>
> कसं पाठवायचं: व्हॉट्सॲपवर फक्त मला, वेगळा. पेपरक्लिपचं चिन्ह (आयफोनवर अधिकचं चिन्ह) दाबा, त्यात Document निवडा, मग तुमचा व्हिडिओ निवडा. फोटो पाठवतो त्या रस्त्याने पाठवू नका, त्याने चित्र धूसर होतं.
>
> मी "मिळाला" असं लिहीपर्यंत व्हिडिओ फोनमधून काढून टाकू नका. कुठे अडलं तर सरळ फोन करा.

निरोप लांब वाटेल, पण यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी चुकलेल्या व्हिडिओमुळे आली आहे.

आधी निरोप कोणाला पाठवायचा ते बघू, कारण माझा पहिला आठवडा तिथेच वाया गेला. तुमच्या नेहमीच्या कुटुंबाच्या ग्रुपवर हे चालणार नाही, त्यात उत्सवमूर्ती असतातच. नवा ग्रुप करून त्यात एका घरातला एकच माणूस घ्या, शक्यतो फोन सहज हाताळणारा. त्याला बाजूला सांगा की तू "फोन धरणारा". वडीलधाऱ्यांनी स्वतः सेल्फी काढण्यापेक्षा नातवाने समोर बसून काढलेला व्हिडिओ जवळजवळ नेहमीच चांगला होतो. हात थरथरत नाही, आणि बोलणारा माणूस पडद्याकडे बघण्याऐवजी समोरच्या नातवाकडे बघून बोलतो. सेल्फी काढायचीच असेल तर लेन्सकडे बघायचं, स्वतःच्या चेहऱ्याकडे नाही. आडव्या फोनवर लेन्स बाजूला येते, त्यामुळे पडद्यावर स्वतःला बघत बोलणाऱ्याचे डोळे मोठ्या पडद्यावर किंचित बाजूला वळलेले दिसतात आणि तो आपल्याशी बोलतोय असं वाटत नाही.

आडवा फोन. यावर सगळ्यात जास्त वाद होतो, कारण फोन उभा धरायचीच सवय आहे. कारण साधं गणिताचं आहे. पडद्याचा आकार १९२० बाय १०८० पिक्सेल धरला तर उभा व्हिडिओ उंचीला बसवल्यावर फक्त ६०८ पिक्सेल रुंद उरतो, म्हणजे पडद्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. दोन्ही बाजूंना काळं. पडदा भरायचा म्हणून मोठा करावा तर वरचं-खालचं कापलं जातं आणि चित्र पावणेदोन पटींहून जास्त ताणावं लागतं. आता "आधी आडवा, मग बटण" हा क्रम का? फोन रेकॉर्डिंग सुरू होताना आपण कुठल्या बाजूला आहोत ते एकदाच नोंदवतो. नंतर फिरवला तर सगळा व्हिडिओ पहिल्याच दिशेचा मानला जातो आणि माणूस आडवा झोपलेला दिसतो. एका मामांचा व्हिडिओ असाच आला. पहिली चार सेकंदं फोन उभा होता, मग त्यांना सूचना आठवली. संपूर्ण फाइल फिरवून घेतली की बोलणं नीट दिसतं, फक्त ती पहिली चार सेकंदं आडवी होतात, आणि ती तशीही कापायचीच होती. तेवढ्यासाठी मामांना पुन्हा काढायला लावू नका.

खिडकी आणि आवाज यांत माझं मत ठाम आहे: चित्र थोडं कमीजास्त चालेल, आवाज चालणार नाही. अंधुक चेहरा लोक सहन करतात, न समजणारं वाक्य नाही. बोलणाऱ्यापासून फोनचं अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, पण भिंतींवरून येणारा घुमारा आणि पंख्याची घरघर तशीच राहते. दोन मीटरवर ठेवलेल्या फोनमध्ये माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं ते याचमुळे. ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने पूर्ण बरं होत नाही. म्हणून हातभर ते दीड हात. चेहरा पडद्यात मोठा दिसतो म्हणून काही लोक बिचकतात, त्यांना सांगा की छातीपासून वरचं दिसलं की पुरे.

खिडकीचं कारण वेगळं आहे. फोन सगळ्या दृश्याचा सरासरी उजेड बघून चित्र किती उजळ ठेवायचं ते ठरवतो. मागे लख्ख खिडकी असली तर तिच्यासाठी तो सगळंच काळोखं करतो आणि चेहऱ्याची सावली होते. खिडकी समोर घेतली की तोच फोन अचानक चांगला वाटायला लागतो. रात्री काढणार असतील तर दिवा डोक्यावर नको, समोर हवा, नाहीतर डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. एक छोटी गोष्ट निरोपात राहून गेली ती पुढच्या वेळी नक्की घालेन: काढण्याआधी लेन्स सुती कापडाने पुसा. मला आलेल्या तीन-चार व्हिडिओंत दिव्यांभोवती दुधाळ वलय होतं, आणि तो बोटांच्या तेलाचा ठसा होता.

तीन मोजण्याचं महत्त्व जोडायला बसल्यावर कळतं. बटण दाबताना फोन हलतो, पहिल्या अक्षराच्या आधी श्वास येतो, आणि शेवटी लोक "झालं का?" म्हणत फोनकडे हात नेतात. पुढे-मागे तीन सेकंदं मोकळी असली की कापायला आणि एका दृश्यातून दुसऱ्यात हळूच सरकायला जागा मिळते. नसली तर वाक्याचा पहिला शब्दच तुटतो.

आता प्रश्न. पहिल्या फेरीत मी फक्त "शुभेच्छा द्या" असं लिहिलं होतं आणि नऊच्या नऊ घरांनी "दोघांना उदंड आयुष्य लाभो" हेच म्हटलं. कोणी खोटं बोललं नाही, पण तेवीस वेळा हे ऐकायला कोण बसणार? म्हणून प्रत्येक घराला वेगळा, अगदी छोट्या गोष्टीबद्दलचा प्रश्न पाठवला. धाकट्या मावशीला: "लग्नाच्या दिवशी आईने तुझ्याकडून काय मागून घेतलं होतं?" आतेभावाला: "बाबांनी तुला सायकल शिकवताना काय केलं?" भाचीला: "आजी-आजोबांचं भांडण कशावरून होतं?" प्रश्नाच्या खाली एक ओळ जोडायची असते, ती विसरू नका: "उत्तराची सुरुवात पूर्ण वाक्याने कर." फिल्ममध्ये तुमचा प्रश्न ऐकू येणार नाही. "हो, एकदा झालं होतं तसं" या उत्तराला प्रश्नाशिवाय अर्थ नाही, तर "बाबांनी मला सायकल शिकवताना मागचं सीट कधीच सोडून दिलं होतं" हे वाक्य स्वतःच्या पायावर उभं राहतं.

आणि सगळ्यांचं एकच वाक्य कशासाठी? तेवीस घरांचं ते वाक्य ओळीने जोडलं, एकाचं "पन्नास", दुसऱ्याचं "झाली", तिसऱ्याचं "पुढची" असं तुकडे करून, की अख्खं कुटुंब एका सुरात बोलल्यासारखं होतं. फिल्मचा शेवट तिथेच बांधला. वाक्य चार-पाच शब्दांचंच ठेवा, आणि उत्तर संपल्यावर थांबूनच म्हणायला सांगा, नाहीतर ते उत्तराच्या शेपटाला चिकटतं आणि वेगळं कापता येत नाही.

पाठवण्याची ओळ हा निरोपाचा सर्वांत तांत्रिक भाग आहे आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. व्हॉट्सॲप व्हिडिओ नेहमीच्या रस्त्याने पाठवला तर त्याला लहान करतं, ते पाठवणाऱ्याच्या पडद्यावर दिसत नाही, मोठ्या पडद्यावर मात्र चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होतात. HD चा पर्याय निवडला तरी मूळ फाइल जात नाही, फक्त कमी लहान होते. Document म्हणून पाठवली की फाइल जशीच्या तशी येते. त्याची मर्यादा २ जीबी आहे, अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ तिच्या जवळपासही जात नाही. आयफोनवर Document मध्ये व्हिडिओ दिसला नाही, तर फोटोंमधून तो व्हिडिओ उघडून शेअर करताना Save to Files निवडायचं, आणि मग व्हॉट्सॲपमध्ये Document मधून तो उचलायचा.

ड्राइव्हची लिंक मी दुसऱ्या निरोपातून काढूनच टाकली. तिथे फाइल टाकायला गुगल खात्यात शिरावं लागतं, पासवर्ड आठवत नाही, आणि माणूस तिथेच सोडून देतो. शिवाय फुकट मिळणारी १५ जीबी जागा मेल आणि फोटोंनी आधीच खाल्लेली असते. ज्यांना येतं त्यांना ती जरूर द्या, पण मुख्य रस्ता म्हणून नको.

मूळ फाइल आली का लहान झालेली, हे बघायला व्हिडिओ चालवायचीही गरज नाही. आकार बघा. आयफोनच्या सेटिंगमध्ये स्वतःच लिहिलेलं असतं की 1080p, 30 fps ला त्याच्या नव्या पद्धतीत मिनिटाला सुमारे ६० एमबी लागतात. जुन्या, सर्वत्र चालणाऱ्या पद्धतीत साधारण १३०. म्हणजे अर्ध्या मिनिटाला तीस ते पासष्ट एमबी. अँड्रॉइड फोनचे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण याच पट्ट्यात. मला आलेली चार एमबीची अर्ध्या मिनिटाची फाइल म्हणजे उघड चोरी पकडल्यासारखं होतं. दुसरी खूण नावात असते. `VID-20250112-WA0007.mp4` असं, मध्ये WA असलेलं नाव दिसलं की ती फाइल व्हॉट्सॲपमधून एकदा फिरून आलेली आहे. `IMG_2231.MOV` किंवा `VID_20250112_183012.mp4` अशी नावं थेट कॅमेऱ्याची.

चुकलेला व्हिडिओ आल्यावर जे उत्तर द्यायचं तेही आधीच लिहून ठेवा, नाहीतर घाईत तोंडून "पुन्हा काढा" जातं आणि समोरच्याचा हिरमोड होतो. बहुतेक वेळा पुन्हा काढायची गरजच नसते, फक्त पुन्हा पाठवायची असते:

> आत्या, व्हिडिओ फार छान झालाय. फक्त वाटेत व्हॉट्सॲपने तो लहान केलाय. तोच व्हिडिओ तुमच्या फोनमध्ये आहे, तो Document मधून पुन्हा पाठवाल का? नवीन काढू नका.

म्हणूनच "काढून टाकू नका" ही ओळ निरोपात होती. ती नसती तर मूळ व्हिडिओ पाच घरांनी जागा हवी म्हणून पुसले असते. एका घराने पुसलाच होता, आणि तो अजून फिल्ममध्ये थोडा धूसर आहे.

फाइल आली की त्याच दिवशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्या आणि नाव बदला. मी `07_mavshi_goshta.mov` अशी नावं दिली: क्रमांक, नातं, काय आहे ते. नावं बदलायला नातेवाइकांना सांगू नका, ते तुमचं काम. मग हेडफोन लावून एकदा पूर्ण ऐका. फोनच्या स्पीकरवर पंखा ऐकू येत नाही.

जोडताना दोन अडचणी हमखास येतात. पहिली, ओठ आणि आवाज हळूहळू वेगळे होणं. फोन उजेडानुसार फ्रेमचा वेग बदलतो, काही एडिटिंग सॉफ्टवेअर तो स्थिर धरतात, आणि तिसाव्या सेकंदाला ओठ मागे पडतात. अशी फाइल आधी कॉम्प्युटरवर ffmpeg या फुकट प्रोग्रामला ही आज्ञा देऊन स्थिर वेगाची करून घ्यायची:

```
ffmpeg -i in.mov -vf fps=30 -c:v libx264 -crf 18 -c:a aac -b:a 192k out.mp4
```

दुसरी, नव्या आयफोनचे काही व्हिडिओ इतरांच्या शेजारी फिकट किंवा जास्त भडक दिसणं. ते HDR मध्ये, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त मोठा पट्टा टिपणाऱ्या प्रकारात काढलेले असतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपचा रंगप्रकार साध्या SDR ला बदलून घ्यावा लागतो, वरची आज्ञा ते करत नाही. नातेवाइकांना HDR बंद करायला सांगायचं मी मुद्दाम टाळलं. आयफोनवाल्या दोन चुलत भावांना फक्त फोनवर सांगितलं आणि त्यांनी केलं.

तारखांबद्दल. कार्यक्रम २८ ला, मुदत १४ ला, म्हणजे मधे दोन आठवडे. मला जोडायला खरं तर आठ दिवस लागले, बाकीचे उशिरा येणाऱ्यांसाठी होते. १० तारखेला ज्यांचे आले नव्हते त्यांना ग्रुपवर नाही, एकेकट्याला लिहिलं: "तुझाच बाकी आहे" असं नाही, तर "सायकलच्या गोष्टीशिवाय फिल्म अडलीय." १४ च्या रात्री अठरा होते, १७ ला एकवीस. उरलेल्या दोन घरांत फोन नीट वापरणारं कोणी नव्हतं. तिथे व्हिडिओचा हट्ट सोडला, व्हॉइस मेसेज मागितला आणि तो त्यांच्या जुन्या फोटोवर लावला. अट एकच होती: तोंडाजवळ फोन आणि पंखा बंद. त्यातला मोठ्या काकूंचा आवाज फिल्ममध्ये सगळ्यात जास्त ऐकला गेला.

तेवीस घरांचे अर्धे अर्धे मिनिट म्हणजे साडेअकरा मिनिटं. शेवटी फिल्म साडेसात मिनिटांची झाली. काय कापलं हे कोणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाचं एक पूर्ण वाक्य आणि "पुढची मोजतोय" मधला एक शब्द त्यात होताच.

२९ तारखेला सकाळी ग्रुपवर शेवटचा निरोप टाकला: "सगळे मिळाले, जपून ठेवलेत. आता तुमच्या फोनमधून काढलेत तरी चालेल." दहा मिनिटांत मामांचं उत्तर आलं, की तो आडवा झोपलेला व्हिडिओ मात्र ते ठेवून घेणार आहेत.